क्रोकेच्या खेळातले रोके, फटके आणि हूपचा क्रम

> "लालला मारल्यावर दोन फटके मिळतात, मग हूप पार केल्यावर एक. म्हणजे तीन साठतात ना?"

साठत नाहीत, इथेच सगळे फसतात. निळ्या चेंडूने लाल चेंडूला मारलं (रोके) की निळा उचलून लालला चिकटवून ठेवायचा आणि मारायचा, हा क्रोके फटका. त्यात लाल निदान हलला पाहिजे. मग एक जादा फटका. याच फटक्यात निळा पहिल्या हूपमधून, म्हणजे जमिनीत रोवलेल्या कमानीतून, गेला की पुढे एकच फटका मिळतो, मागचं काही शिल्लक नसतं. पण हूप पार होताच लाल, काळा, पिवळा तिन्ही पुन्हा 'ताजे' होतात. त्याआधी प्रत्येकाला एकदाच रोके करता येतो. मी इंग्लंडमधल्या एका क्लबात शिकताना जादा फटक्यात ऐटीत पुन्हा लाललाच मारलं. हूप पार व्हायची होती, त्यामुळे पाळी तिथेच संपली. चूक नाही, दंड नाही, नुसतं बाजूला व्हायचं. शिवाय क्रोके फटक्यात लाल हद्दीबाहेर गेला तरी पाळी जाते, म्हणून कडेजवळ जोर आवरायचा.

आता हूपच्या क्रमाबद्दल. सहा हूप असोसिएशन प्रकारात दोनदा होतात, पण दुसऱ्या फेरीत उलट दिशेने आणि २, १, ४, ३, ६, ५ अशा क्रमाने, मग मधली खुंटी. मी सहावी झाल्यावर सवयीने पहिलीकडे निघालो होतो, जोडीदाराने ओरडून थांबवलं.