मदत हवी आहे: प्लेटलेट्स ८.४ लाख, जॅक-२ पॉझिटिव्ह, हिमोग्लोबिन मात्र नॉर्मल. नेमका आजार कोणता?

मृणाल_सातारा
आईचं वय ६२. डोकं सतत जड असतं आणि आंघोळीनंतर अंगाला असह्य खाज सुटते, पुरळ काहीच दिसत नाही. हिमोग्लोबिन १५, तांबड्या पेशी ७० लाख, एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशीचा सरासरी आकार ७०, पांढऱ्या पेशी १३,२००, प्लेटलेट्स ८.४ लाख, लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन ९. जॅक-२ जनुकातल्या बदलाची चाचणी पॉझिटिव्ह. लोह कमी म्हणून गोळ्या लिहून दिल्यात, अजून आणल्या नाहीत. रक्तविकारतज्ज्ञांची वेळ पुढच्या आठवड्यात आहे. तोवर काय विचारायचं ते कळायला हवंय.

निखिल_लॅब
प्लेटलेट्स साडेचार लाखांच्या वर, जॅक-२ पॉझिटिव्ह, हिमोग्लोबिन बायकांसाठीच्या १६ च्या आत. म्हणजे इसेन्शियल थ्रॉम्बोसायथेमिया, प्लेटलेट्स जास्त बनण्याचा आजार. तांबड्या पेशी जास्त बनण्याचा पॉलिसायथेमिया नाही.

काका_डोंबिवली
माझं हिमोग्लोबिन १८.४ होतं. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं हे कारण निघालं. आईंना घोरण्याची सवय आहे का बघा.

वैदेही_रक्तशास्त्र
काका, तुमच्या बाबतीत प्राणवायू कमी पडल्यामुळे मूत्रपिंडांनी एरिथ्रोपोएटिन, म्हणजे तांबड्या पेशी बनवायला सांगणारं संप्रेरक, वाढवलं आणि हाडांतल्या मज्जेने ते ऐकलं. जॅक-२ बिघडलं की मज्जा तशी हाक नसतानाही पेशी बनवत राहते, म्हणून तेव्हा एरिथ्रोपोएटिन बहुधा कमीच निघतं. मृणाल, ही चाचणी राहिली असेल तर आधी करून घ्या.

निखिल, प्लेटलेट्सबद्दल बरोबर आहात, पण फक्त हिमोग्लोबिन पाहू नका. ७० लाख पेशी आणि एमसीव्ही ७० यांवरून हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा, काढा: ७.० गुणिले ७०, भागिले १०, म्हणजे ४९ टक्के. बायकांची मर्यादा ४८ आहे. पेशी भरमसाट बनताहेत, त्यात लोह संपलं, म्हणून प्रत्येक पेशी लहान आणि फिकी झाली. हिमोग्लोबिन १५ वर दिसतं ते त्यामुळे. पांढऱ्या पेशीही वाढल्यात, आंघोळीनंतरची खाज आहे. माझा कल पॉलिसायथेमिया व्हेराकडे आहे. जॅक-२ वरून निवाडा होत नाही: पॉलिसायथेमियात ते जवळजवळ सगळ्यांत सापडतं, पण थ्रॉम्बोसायथेमिया आणि मज्जेत तंतू वाढण्याच्या आजाराच्या, मायलोफायब्रोसिसच्याही निम्म्याहून अधिक रुग्णांत सापडतं.

निखिल_लॅब
हिमॅटोक्रिटचं मान्य. पण एवढं स्पष्ट असेल तर अशा वेळी मज्जेची बायोप्सी कशाला करायला सांगतात?

वैदेही_रक्तशास्त्र
आकडा मर्यादेच्या जेमतेम वर आहे म्हणून. शिवाय मज्जेत तंतू वाढायला लागलेत का, हे रक्ताच्या तपासणीत सुरुवातीला दिसत नाही. थ्रॉम्बोसायथेमियात मज्जा साधारण वयाला शोभेल इतकीच भरलेली असते, फक्त प्लेटलेट्स बनवणाऱ्या पेशी मोठ्या आणि भरपूर फाटे फुटलेल्या केंद्रकाच्या दिसतात. पॉलिसायथेमियात तिन्ही प्रकारच्या पेशींची गर्दी असते. मायलोफायब्रोसिसच्या पहिल्या टप्प्यात त्याच मोठ्या पेशी विचित्र आकाराच्या, घट्ट पुंजक्यांत असतात. तंतू तेव्हा फारसे नसतात, त्यामुळे तो टप्पा थ्रॉम्बोसायथेमिया म्हणून सहज निसटतो. रिपोर्टमध्ये रेटिक्युलिन तंतूंची श्रेणी ० ते ३ अशी लिहून मागा. आज ती नोंदवलेली असेल, तर पुढे कधी रक्त न काढताच हिमॅटोक्रिट उतरायला लागलं आणि प्लीहा वाढली, तेव्हा तुलनेला काहीतरी हाताशी असेल. ते उतरणं आजार बरा झाल्याचं लक्षण समजू नये.

मृणाल_सातारा
मग लोहाच्या गोळ्या सुरू करू की नको? आणि ॲस्पिरिन?

वैदेही_रक्तशास्त्र
पुढच्या आठवड्यापर्यंत गोळ्या थांबवता येतील का, हे त्या डॉक्टरांना आजच फोन करून विचारा. कारण सांगा: लोह मिळालं की मज्जा आणखी तांबड्या पेशी बनवेल आणि हिमॅटोक्रिट भराभर चढेल. पॉलिसायथेमिया ठरला तर उलटच करतात: दर खेपेला साधारण ३०० ते ४५० मिली रक्त काढून हिमॅटोक्रिट ४५ च्या खाली ठेवतात. २०१३ च्या इटलीतल्या चाचणीत ४५ ते ५० दरम्यान ठेवलेल्यांमध्ये हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू आणि मोठ्या गुठळ्या मिळून जवळपास चौपट आढळल्या. वय साठीच्या पुढे आहे, त्यामुळे सोबत पेशी बनणं कमी करणाऱ्या हायड्रॉक्सियुरिया या औषधाचीही चर्चा होईल. नुसतं रक्त काढल्याने प्लेटलेट्स उतरत नाहीत.

ॲस्पिरिन साधारण ७५ ते १०० मिग्रॅ देतात, पण स्वतःहून सुरू करू नका. प्लेटलेट्स १० लाखांच्या पुढे गेल्या तर गुठळीऐवजी रक्तस्राव होऊ शकतो.

शुभदा_नर्स
फेरिटिन ९ फक्त मज्जेनेच लोह वापरल्यामुळे झालंय, असं गृहीत धरू नका. या आजारात जठराचे अल्सरही होतात. शौचाला काळसर होते का विचारा, ॲस्पिरिनच्या आधी एंडोस्कोपी हवी का तेही.

वैदेही_रक्तशास्त्र
हे माझ्याकडून राहिलं होतं. सगळेच एंडोस्कोपी करायला सांगत नाहीत, पण शौचातल्या रक्ताची तपासणी तरी आधी करून घ्या. आणि मृणाल, एका बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडला, बोलणं अडखळलं, एक पाय सुजून दुखला किंवा छातीत दुखलं तर पुढच्या आठवड्याची वाट न पाहता थेट इमर्जन्सीत जा.

मृणाल_सातारा
दोन दिवसांपूर्वी शौचाला काळसर झाली होती असं आई आत्ता म्हणाली. आजच डॉक्टरांना दाखवते.