यूके स्टुडंट व्हिसा: अर्ज मागे घेताना

«पुण्यातली बायोमेट्रिक्सची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात आहे, पण ॲडमिशन पुढं ढकललंय. अपॉइंटमेंट रद्द केली की फी परत येईल ना?»

नाही, नुसती अपॉइंटमेंट रद्द करून अर्ज मागे जात नाही. GOV.UK वरून अर्ज मागे घ्यायची विनंती करा. त्यासाठी GWF ने सुरू होणारा नंबर लागेल. आणि हे बोटांचे ठसे द्यायच्या आधीच करा. ठसे दिल्यावर अर्ज मागे घेता येतो, पण व्हिसा फी सहसा गेलीच समजा.

हेल्थ सरचार्जचं गणित वेगळं आहे. निर्णयापूर्वी अर्ज मागे घेतला, तर तो पूर्ण परत मिळतो, ठसे दिलेले असले तरी. सोळा महिन्यांच्या व्हिसाला वर्षाचे 776 आणि वरच्या चार महिन्यांचे 388, असे 1,164 पौंड होतात. म्हणजे मोठी रक्कम हीच.

पैसे ज्या कार्डावरून भरले त्यावरच येतात, म्हणून एजंटाचं कार्ड वापरलं असेल तर आधी त्याच्याशी बोला. ते कार्ड बंद करू नका. बँकेचा फॉरेक्स मार्कअप मात्र सहसा परत येत नाही.

सरचार्ज दोनदा कापला गेल्यासारखा दिसला, तर आधी स्टेटमेंटमध्ये दोन्ही व्यवहार पक्के झालेत का बघा. पेंडिंग असलेला बहुधा आपोआप सुटतो.