सीरम, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन : सकाळी आधी काय, नंतर काय?

ठाणेकरीण
सकाळी आंघोळीनंतर मी तीन गोष्टी लावते. 15 टक्के व्हिटॅमिन सीचं पाण्यासारखं सीरम, त्यावर मॉइश्चरायझर आणि शेवटी एसपीएफ 50 चं जेल सनस्क्रीन. सनस्क्रीन पसरवता पसरवता गालांवरून खोडरबराच्या चुऱ्यासारखे तुकडे सुटायला लागतात. नणंद म्हणते, सनस्क्रीन मॉइश्चरायझरच्या आधी लाव. नक्की क्रम कोणता?

मोगरा_पुणे
नणंदेचं बरोबर आहे. केमिकल सनस्क्रीन त्वचेत मुरावं लागतं, तेव्हा कुठे ते ऊन शोषतं. मधे क्रीमचा थर आला की ते वरच्या वर राहतं. मी सहा वर्षं सीरम, सनस्क्रीन आणि मग क्रीम असंच लावते आहे. फक्त झिंक ऑक्साइडचं पांढरं सनस्क्रीन असेल तर ते शेवटी.

घाटमाथा
मोगराताई, इथे माझा ठाम विरोध आहे. मी अकरा वर्षं क्रीम-लोशनं तयार करण्याच्या कामात आहे. सनस्क्रीन केमिकल असो वा झिंकचं, त्याचं काम त्वचेच्या वरच चालतं. लावल्यावर त्यातलं पाणी उडतं आणि सलग पापुद्रा उरतो. तो जितका एकसारखा, तितकं संरक्षण. त्यावर तुम्ही क्रीम चोळता तेव्हा तो ओला असतो किंवा नुकताच बसलेला असतो. क्रीममधलं तेल त्याला पातळ करतं आणि बोटं त्याला जागोजागी सरकवतात. डोळ्यांना काही दिसत नाही, पण ऊन त्या फटींतून आत जातं.

सीरम मात्र खालीच हवं. शुद्ध व्हिटॅमिन सी म्हणजे एल-अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड, ते त्वचेत शिरायला पीएच 3.5 च्या खाली लागतो. ड्यूक विद्यापीठातल्या पिनेल यांच्या गटाने 2001 साली डुकराच्या त्वचेवर हे दाखवलं. 20 टक्क्यांच्या वर नेऊन फायदा वाढत नाही, हेही त्यातच दिसलं. असं आंबट पाणी क्रीमवर टाकलं तर ते त्वचेपर्यंत नीट पोचत नाही. म्हणजे खालचा थर ठरलेला, वरचाही ठरलेला. वाद फक्त मधल्या थराचा.

मोगरा_पुणे
पण मी सहा वर्षांत एकदाही काळवंडले नाही, त्याचं काय? आणि पुण्याच्या थंडीत सनस्क्रीनवर क्रीम नसेल तर दुपारपर्यंत ओठांच्या कडेला सालं निघतात.

घाटमाथा
तुम्ही दिवसभर किती उन्हात असता, त्यावर ते अवलंबून आहे. सालं निघतात हे खरं, पण त्यावरचा उपाय क्रीम सनस्क्रीनच्या खाली लावणं हा आहे.

वैनगंगा_नागपूर
माझ्या गालांवर बाळंतपणानंतर वांग आले. सहा महिने व्हिटॅमिन सी लावलं, डाग जराही हलले नाहीत. म्हणजे माझाही क्रमच चुकला असणार ना?

चर्मवैद्य_सातारा
वैनगंगाताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे. वांगाला अतिनील किरणांइतकाच साध्या दिसणाऱ्या प्रकाशाचाही त्रास होतो आणि नेहमीचं पारदर्शक सनस्क्रीन तो प्रकाश फारसा अडवत नाही. त्वचेच्या रंगाचं, आयर्न ऑक्साइड असलेलं सनस्क्रीन घ्या आणि त्वचारोगतज्ज्ञांना एकदा दाखवा. केवळ क्रम बदलून हे डाग जाणार नाहीत.

ठाणेकरीणताई, तुम्हाला एक विचारतो. सनस्क्रीनची ट्यूब किती ग्रॅमची आणि ती किती दिवस पुरते?

ठाणेकरीण
50 ग्रॅमची. चार महिने सहज जाते.

चर्मवैद्य_सातारा
मग क्रमाच्या आधी हे बघा. चार महिन्यांचे 120 दिवस धरले तर रोज 0.4 ग्रॅम होतं. डब्यावरचा एसपीएफ मोजताना दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम लावतात. चेहरा आणि मान मिळून साधारण 600 चौरस सेंटिमीटर धरा, म्हणजे 1.2 ग्रॅम लागतं. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या लांबीभर दोन रेघा काढा, साधारण तेवढं होतं. तुम्ही त्याच्या एक तृतीयांश लावता. अशी ट्यूब चाळीसेक दिवसांत संपायला हवी.

ठाणेकरीण
पण एवढं लावलं तर चुरा आणखी वाढेल!

घाटमाथा
वाढेल, म्हणून आधी कुठल्या दोघांचं जमत नाही ते शोधा. सुट्टीच्या दिवशी हाताच्या आतल्या बाजूला चार ठिकाणी करून बघा. पहिल्या जागी नुसतं सनस्क्रीन. दुसऱ्या जागी सीरम वाळवून त्यावर सनस्क्रीन. तिसऱ्या जागी मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. चौथ्या जागी तिन्ही. पाच मिनिटांनी प्रत्येकावर कोरडं बोट दोनदा फिरवा.

सागरगोटा
एवढा खटाटोप कशाला? मी तिन्ही तळहातावर एकत्र करून एकदाच लावते. लोकल पकडायची असते, थर मोजायला वेळ कुणाला आहे?

घाटमाथा
सागरगोटा, घाई समजते, पण हे करू नका. त्यात सनस्क्रीन पातळ होतं आणि त्याचा पापुद्रा जमवणारी घडी आम्लामुळे विस्कटू शकते. घाई असेल तर मॉइश्चरायझर गाळा. बऱ्याच सनस्क्रीनच्या मूळ क्रीममध्ये ओलावा धरणारे घटक असतातच.

ठाणेकरीण
करून बघितलं. पहिल्या दोन जागा साफ. तिसऱ्या आणि चौथ्या जागेवर चुरा. मॉइश्चरायझरच्या डबीवर पाण्यानंतर दुसरंच नाव डायमेथिकॉन आहे.

घाटमाथा
म्हणजे सीरम निर्दोष. डायमेथिकॉन हे सिलिकॉन, त्याचा गुळगुळीत थर बसतो. त्यावर जेल नीट धरत नाही, चोळलं की त्याच्या वळ्या होतात. तुमच्याकडची दमट हवा बघता पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात मधलं क्रीम काढूनच टाका. सनस्क्रीन दोन वेळा अर्धं अर्धं लावा, घासू नका, थापटत पसरवा. बाहेर पडण्याआधी पंधरा मिनिटं मिळू द्या.

ठाणेकरीण
तीन दिवस तसं केलं, चुरा नाही. पण ऑफिसात एसीखाली गाल ताणतात.

चर्मवैद्य_सातारा
मग सिलिकॉन नसलेलं हलकं लोशन फक्त गालांना लावा. दहा मिनिटं जाऊ द्या आणि मग सनस्क्रीन.

कृष्णाकाठ
दहा मिनिटं, पंधरा मिनिटं! सीरम सकाळी लावायचंच कशाला? मी रात्री लावतो. एकदा त्वचेत शिरलं की ते तिथे टिकतं.

घाटमाथा
तुमचं म्हणणं फोल नाही. पिनेल यांच्याच प्रयोगात त्वचेत साठलेलं व्हिटॅमिन सी निम्म्यावर यायला सुमारे चार दिवस लागले. पण सकाळी लावण्याला कारण आहे. व्हिटॅमिन सी, ई आणि फेरुलिक अ‍ॅसिड एकत्र असतील तर सूर्यप्रकाशाने होणारं नुकसान काही प्रमाणात कमी होतं, असं 2005 च्या एका अभ्यासात दिसलं. मी सकाळचीच बाजू घेईन.

कृष्णाकाठ
चार दिवस टिकतं म्हणता आणि तरी सकाळच? मला पटलं नाही. रात्री लावल्यावर सकाळी दोनच थर उरतात.

मोगरा_पुणे
घाटमाथा, मी उद्यापासून क्रीम खाली आणि सनस्क्रीन वर करून बघते. पण माझं सीरम नाकाच्या कडेला झोंबतं, म्हणून तिथे मी आधी थोडं क्रीम लावते. तेही चूक म्हणाल का?

चर्मवैद्य_सातारा
चूक नाही म्हणणार. तेवढ्या जागेत सीरम कमी शिरेल, पण लालसर झालेल्या त्वचेवर रोज आम्ल लावण्यापेक्षा ते परवडलं.

घाटमाथा
इथे मी डॉक्टरांशी सहमत नाही. झोंबत असेल तर 10 टक्क्यांचं सीरम घ्या, किंवा व्हिटॅमिन सीचंच कमी आम्लता लागणारं रूप, सोडियम अ‍ॅस्कॉर्बिल फॉस्फेटचं. क्रीमवर 15 टक्क्यांचं लावून त्या पैशांचं काय मिळवाल?