लांबचा प्रवास, वीतभर पडदा : सिनेमा निवडता कसा?

सांजवात

लांबच्या प्रवासात सिनेमा लावला की तीन अडचणी ठरलेल्या. पडदा वीतभर, आवाज इंजिनाच्या घरघरीत बुडालेला, आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी कोणीतरी उठवणार नाहीतर घोषणा होणार. यातून तगून जाणारा सिनेमा तुम्ही कसा निवडता, निघण्याआधी कसा तपासता? नुसती नावं नकोत, कारणही लिहा.

मुक्काम_पुढचा

सोपं आहे. ज्यात बोलणं कमी तो घ्या. मारधाडीचा सिनेमा अर्धा ऐकू आला तरी कळतो. नाहीतर सरळ संवादच नसलेला घ्या, 'पुष्पक' (१९८७) सारखा. आवाजाचा प्रश्नच मिटला.

रीळवाला

आवाजाचा मिटला, व्यत्ययाचा वाढला. संवाद नसलेल्या सिनेमात सगळी गोष्ट डोळ्यांनी कळते. तिकीट दाखवायला, पाणी घ्यायला मान वळवली की तेवढ्यात कोणी काय उचललं, कुठे लपवलं ते गेलं, आणि पुढे कोणी ते बोलून सांगणार नाही. बोलका सिनेमा निदान मान वळवल्यावरही कानावर पडत राहतो. त्यामुळे असा सिनेमा रात्री, आजूबाजूचे झोपल्यावर सलग तास-दीड तास मिळणार असेल तरच ठेवावा.

मारधाडीच्या दृश्यांत कट भराभर पडतात आणि माणसं दूरवर, ठिपक्याएवढी असतात. त्यातून प्रसंग रात्रीचा असला तर चकचकीत पडद्यावर स्वतःचाच चेहरा दिसत बसतो. म्हणून निघण्याआधी प्ले-पट्टीवर बोट सरकवत सिनेमात दहा ठिकाणी थांबून पाहावं. त्यातली चार-पाच दृश्यं काळोखी निघाली तर तो सिनेमा दिवसाच्या प्रवासाला नको.

माझ्या मते तिन्हींत व्यत्यय सर्वांत महत्त्वाचा. आवाज थोडाफार सुधारता येतो, पडदा जवळ धरता येतो. तुटलेला धागा मात्र सिनेमातच पुन्हा हाती देण्याची सोय असावी लागते. '१२ अँग्री मेन' (१९५७) घ्या. लांबी ९६ मिनिटं, जवळजवळ सगळा एकाच खोलीत. बारा ज्युरींपैकी किती दोषी म्हणतात आणि किती निर्दोष, याची मोजणी अकरा विरुद्ध एकपासून सुरू होते आणि पुन्हा पुन्हा होत राहते. दहा मिनिटं हुकली तरी पुढच्या मतदानाला आपण कुठे आहोत ते समजतं. दुसरं म्हणजे दिग्दर्शक सिडनी ल्युमेट यांनी सिनेमा पुढे जाईल तसतशा अधिक फोकल लांबीच्या लेन्स वापरल्या आणि शेवटाकडे क्लोज-अप वाढवले. खोली आवळत जावी हा त्यांचा हेतू. प्रवासात त्याचा फायदा असा, की डोळे थकायला लागतात नेमके तेव्हा चेहरे मोठे झालेले असतात.

नवीन सिनेमातही हेच शोधायचं. एक जागा, एक उद्दिष्ट, आणि अधूनमधून होणारी उजळणी : मोजणी, उलटं चालणारं घड्याळ, खेळाचा स्कोअर, नकाशावर पुढे सरकणारा प्रवास. मागे-पुढे उड्या मारणारा काळ असेल तर सिनेमा कितीही उत्तम असो, तो घरी बघावा.

झुळूक_९

दहा इंची टॅबलेट घ्यावा की तेरा इंची? बजेट ठरवायचंय.

सांजवात

झुळूक, इथे यंत्र आहे तेच धरून चाललोय. पण पडद्याच्या मापावर कोणी लिहिलं तर तुम्हालाही उपयोग होईल.

रीळवाला

मापापेक्षा अंतर बघा. पुढच्या सीटमागचा दहा इंची १६:९ पडदा साधारण २२ सेंमी रुंद आणि साडेबारा सेंमी उंच असतो. २.३९ प्रमाणाचा रुंद सिनेमा लावला की वर-खाली काळ्या पट्ट्या येऊन चित्र जेमतेम सव्वानऊ सेंमी उंच उरतं, आणि तेही ६०-६५ सेंमीवरून बघायचं. तोच सिनेमा साडेसहा इंची, २०:९ फोनवर सव्वासहा सेंमी उंच दिसतो, पण फोन ३० सेंमीवर असतो. म्हणजे डोळ्याला फोनवरचं चित्र मोठं पडतं. सीटमागच्या पडद्यावर मला जुने, चौकोनाकडे झुकणारे सिनेमे बरे वाटतात. त्यांत पट्ट्या बाजूला येतात, उंची पूर्ण मिळते. फोन तासभर हातात धरवत नाही, तेव्हा छोटा घडीचा स्टँड सोबत हवाच.

कर्णफूल

आवाजाबद्दल लिहिते. घरघर खालच्या पट्टीतली असते आणि शब्द ओळखू येतात ते बरेचसे स, त, क, प अशा हलक्या व्यंजनांवरून. तीच आधी बुडतात. म्हणून माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय हे कळत नाही. आवाज वाढवावा तर पुढच्या स्फोटाला कान फुटतात, कारण मिश्रण शांत थिएटरसाठी केलेलं असतं. ऑडिओच्या यादीत ५.१ आणि स्टिरिओ दोन्ही असतील तर आधी स्टिरिओ लावून पाहा, संवाद बहुधा पुढे येतात. फाइल स्वतःची, बिनकुलपाची असेल तर घरीच संगणकावर ffmpeg या प्रोग्रामने आवाज समतल करून घ्या :

```
ffmpeg -i film.mkv -map 0:v:0 -map 0:a:0 -map 0:s? -c:v copy -c:s copy -c:a aac -b:a 160k -ac 2 -af dynaudnorm pravas.mkv
```

यात चित्र आणि सबटायटल जसेच्या तसे राहतात, कुजबुज वर येते आणि स्फोट तिच्या मानाने तितका मोठा वाटत नाही. एक तोटा : शांत प्रसंगांत मागची सळसळही वर येते. अॅपमधून डाउनलोड केलेल्या सिनेमावर हे चालणार नाही.

सीटच्या सॉकेटमधून एकाच कानात आवाज येत असेल तर सिनेमाला दोष देऊ नका. प्लग थोडा बाहेर ओढून फिरवून पाहा. दोन भोकांचं सॉकेट असेल तर दोन काड्यांचा अडॅप्टर लागतो.

मुक्काम_पुढचा

मग सबटायटल लावले की झालं की! आवाजाची गरजच काय?

कर्णफूल

आगगाडीत, विमानात चालतं. वळणाच्या रस्त्यावर गाडीत ओळी वाचत राहिलं की मळमळतं, तिथे ऐकूनच भागवावं. शिवाय सबटायटलही डोळे बांधतात, रीळवाला म्हणतात तसेच. रुंद सिनेमाला एक सोय आहे : खालच्या काळ्या पट्टीत ओळी येत असतील तर उजेडातही वाचता येतात.

दोन_पिल्लं

आमच्याकडे चार वर्षांचं मूल सोबत असतं, ते दर दहा मिनिटांनी काहीतरी मागतं. मोठ्यांनी अशा वेळी काय लावावं?

रीळवाला

एकदा पाहिलेला सिनेमा. धागा तुटतच नाही, कुठूनही पुढे जाता येतं.

सांजवात

मला हे पटत नाही. पाहिलेला सिनेमा दोन-तीन व्यत्ययांनंतर बंदच केला जातो, ओढ राहत नाही. त्यापेक्षा तीन-चार स्वतंत्र कथांचा सिनेमा घ्यावा, दर अर्ध्या तासाला नवी सुरुवात मिळते.

दोन_पिल्लं

बारा माणसांच्या सिनेमाबद्दल एक शंका. कृष्णधवल, सगळ्यांचे शर्ट-टाय जवळपास सारखे. लहान पडद्यावर कोण कोणता हे कसं ओळखायचं?

रीळवाला

शंका रास्त आहे. ते टेबलाभोवती क्रमांकानेच बसतात, त्यामुळे पहिल्या दहा मिनिटांत जागा लक्षात ठेवल्या तर निभतं. पण नेमका तेव्हाच व्यत्यय आला तर अवघड. सुरुवातीची दहा मिनिटं मी निघण्याआधी घरी बघून ठेवायला सांगतो, कुठल्याही सिनेमाची. आणि विसाव्या मिनिटाला एक चाचणी : पंखा पूर्ण वेगात, आवाज निम्मा, फोन हातभर लांब, दोन मिनिटं बघा. मग पडदा उलटा ठेवून आणखी दोन मिनिटं नुसतं ऐका. कोणाला कोणाकडून काय हवंय हे दोन्ही वेळा सांगता आलं तर सिनेमा सोबत घ्या. फक्त बघूनच सांगता आलं तर तो रात्रीसाठी ठेवा.