स्लाइडवर नसलेलं क्रियापद टिपणात कुणी घालायचं?

गोरेगावचा_अभय: शुक्रवारी लोअर परळला वितरकांची बैठक होती. स्लाइड पाठवणार नाही म्हणाले, म्हणून मी पडद्याचे फोटो काढले. आता साहेबांना पूर्ण वाक्यांतलं टिपण हवंय, आकडे मात्र जसेच्या तसे. एका स्लाइडवर एवढंच आहे:

विक्री ४८.६ कोटी, +१२%
मुंबई ३१.४, पुणे १२.३, नाशिक ४.४
परत आलेला माल ६.२% → ४.८%
भिवंडी नवं गोदाम – जून

मी लिहिलं, "जूनमध्ये भिवंडीचं नवं गोदाम सुरू झाल्यामुळे परत येणारा माल १.४ टक्क्यांनी घटला आणि विक्री १२ टक्क्यांनी वाढून ४८.६ कोटींवर गेली." शेजारच्या टेबलावरची सहकारी म्हणते, यात तू पदरचं घातलंस. सगळे आकडे स्लाइडवरचेच आहेत, मग चूक कुठे?

हिशेबनीस_ताई: सहकारीचं बरोबर आहे. गोदामाची ओळ शेवटी, स्वतंत्र लिहिलेली आहे. माल कमी परत येण्याशी तिचा संबंध "झाल्यामुळे" या एका शब्दाने तुम्ही जोडलात. शिवाय "जून"पुढे क्रियापदच नाही. गोदाम जूनमध्ये सुरू झालं की येत्या जूनमध्ये होणार? वाक्य पूर्ण करताना काळ निवडावाच लागतो, आणि तो फोटोत दिसत नाही.

१.४ हा आकडाही स्लाइडवर नाही, तुमच्या वजाबाकीतून आलाय. "१.४ टक्क्यांनी घटला" हे दोन तऱ्हांनी वाचता येतं. कुणी ६.२ मधून १.४ वजा समजेल, तर कुणी ६.२ चे १.४ टक्के कमी झाले असं समजेल, म्हणजे उत्तर जवळपास ६.१. खरं तर परतीचं प्रमाण आधीच्या तुलनेत साधारण २३ टक्क्यांनी खाली आलंय. म्हणून वजाबाकी नकोच. "परत आलेल्या मालाचं प्रमाण ६.२ टक्क्यांवरून ४.८ टक्क्यांवर आलं" एवढं लिहा.

दादरकर_सेल्स: ताई, मला हे पटत नाही. साहेबांना संबंध लावून द्यायचा नसेल तर टिपण कशाला, फोटोच पाठवावा की. वक्ते बैठकीत बोललेही असतील. ऐकलेलं लिहिणं म्हणजे पदरचं घालणं नव्हे.

हिशेबनीस_ताई: ऐकलं असेल तर जरूर लिहा, पण "वक्त्यांनी सांगितलं की" असं म्हणून, वेगळ्या वाक्यात. साहेब उद्या हेच वाक्य वितरकाला ऐकवतील. अभय, तुम्ही हे कानांनी ऐकलंत का?

गोरेगावचा_अभय: नाही. मला तसं वाटलं.

विरार_लोकल: फोटो बाजूने काढला की अक्षरं तिरपी होतात. फोनच्या स्कॅनरने चौकट सरळ करून घ्या, आणि पुढच्या वेळी मधल्या रांगेत बसा. ट्यूबलाइटची चमक पडली की ३ आणि ८ सारखेच दिसतात.

हिशेबनीस_ताई: प्रश्न वाक्याचा होता, पण तुमच्या या बोलण्यावरून बेरीज करून पाहिली. ३१.४, १२.३ आणि ४.४ मिळून ४८.१ होतात, स्लाइडवर ४८.६ आहे. एका दशांशापर्यंत राउंड केलेल्या तीन आकड्यांची बेरीज एकूण आकड्यापासून फार तर ०.२ ने हलेल, ०.५ ने नाही. पुण्याचा आकडा १२.८ असावा.

दादरकर_सेल्स: मग १२.८ लिहून मोकळे व्हा. बेरीज जुळतेय, अजून काय हवं?

हिशेबनीस_ताई: बेरजेवरून संशय येतो, आकडा ठरत नाही. कदाचित त्यांच्या स्लाइडवरच चूक असेल, किंवा मुंबईचे ३१.९ असतील. फोटो मोठा करून तिन्ही आकडे पाहा. तरी कळलं नाही तर टिपणात लिहा, "पुणे १२.३ (फोटो अस्पष्ट, बेरीज ०.५ ने कमी पडते)."

माझगावची_नीता: माझा अनुभव सांगते. जुन्या ऑफिसात स्लाइडवर "निव्वळ (१.१)" होतं. मी कंस काढून "निव्वळ १.१ कोटी नफा" असं वाक्य केलं. हिशेबात कंस म्हणजे उणे, तो तोटा होता. टिपण चार जणांकडे गेल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं. तेव्हापासून चिन्ह, कंस, बाण यांचा अर्थ लावण्याआधी ते कागदावर आहेत तसे उतरवून घेते.

दादरकर_सेल्स: कंसाचं मान्य. पण प्रत्येक ओळीला "फोटो अस्पष्ट" जोडलं तर साहेब वाचणार नाहीत. +१२% म्हणजे गेल्या वर्षीच्या तुलनेत, हे धंद्यातल्या कुणालाही कळतं.

हिशेबनीस_ताई: मागच्या तिमाहीच्या तुलनेतही असू शकतं. स्लाइडवर गेल्या वर्षीची विक्री असती तर भागून पाहता आलं असतं. नाही, म्हणून "१२ टक्के वाढ दाखवली आहे" इथेच थांबायचं.

गोरेगावचा_अभय: फोटो मोठा करून पाहिला. पुण्याच्या आकड्यावर चमक आहे, ३ की ८ सांगता येत नाही. मुंबईचे ३१.४ स्पष्ट आहेत. आता असं लिहिलंय: "एकूण विक्री ४८.६ कोटी असून १२ टक्के वाढ दाखवली आहे. परत आलेल्या मालाचं प्रमाण ६.२ टक्क्यांवरून ४.८ टक्क्यांवर आलं. भिवंडीच्या नव्या गोदामासमोर जून महिना लिहिलेला आहे." पुण्याची ओळ रिकामी ठेवून आयोजकांना मेसेज केलाय, जूनचंही विचारलंय.

दादरकर_सेल्स: "जून महिना लिहिलेला आहे" हे काही टिपणातलं वाक्य वाटत नाही बुवा. मी "जूनमध्ये अपेक्षित" लिहिलं असतं.

हिशेबनीस_ताई: आणि गोदाम मागच्याच जूनमध्ये उघडलेलं निघालं तर?