मदत हवी आहे: पगारातून जास्त टीडीएस कापलाय, पेरोलला द्यायचं पत्र जरा बघाल का?

चाकणचा_पाहुणा:
नमस्कार मंडळी. या वर्षी (२०२५-२६) माझा ग्रॉस पगार १३ लाख आहे, नवी रिजीम, दुसरं काही डिडक्शन नाही. दर महिन्याला ५,५२५ टीडीएस कापतायत. मी काही बघितलं नव्हतं खरं तर, पण शेजारच्या टेबलावरच्या मित्राचा पगार १२ लाख ७० हजार, त्याला टॅक्स शून्य, आणि चहा पिता पिता हिशेब केला तर वर्षाला त्याच्या हातात माझ्यापेक्षा ३६,३०० जास्त पडतायत!! म्हणजे मला ३० हजार जास्त मिळतात त्याची शिक्षा का? मग पोर्टलवरचं टॅक्स प्रोजेक्शन उघडलं तर त्यात 'रिबेट ८७ए' च्या पुढे ० लिहिलंय. भाच्याने सांगितलं की मार्जिनल रिलीफ लावलेलाच नाही. जानेवारीचा पगार व्हायचाय अजून, म्हणून हे पत्र लिहिलंय. पेरोलवाल्या मॅडम मराठीच आहेत, मराठीत चालतं आमच्याकडे.

> प्रति, पेरोल विभाग
> विषय: २०२५-२६ मध्ये जास्त कापलेला टीडीएस दुरुस्त करण्याबाबत
>
> महोदया,
> माझ्या पगारावरचा टीडीएस मार्जिनल रिलीफ न धरता काढलेला दिसतो. माझा हिशेब असा:
>
> ग्रॉस पगार १३,००,०००, त्यातून स्टँडर्ड डिडक्शन ७५,००० वजा जाता करपात्र उत्पन्न १२,२५,०००.
> स्लॅबप्रमाणे कर: ४ ते ८ लाखांवर ५% म्हणजे २०,०००, ८ ते १२ लाखांवर १०% म्हणजे ४०,०००, वरच्या २५,००० वर १५% म्हणजे ३,७५०. एकूण ६३,७५०.
> उत्पन्न १२ लाखांच्या वर फक्त २५,००० आहे, म्हणून कर २५,००० पेक्षा जास्त होऊ शकत नाही. ४% सेस १,००० धरून २६,०००.
> आपण धरलेला कर: ६३,७५० + सेस २,५५० = ६६,३००. फरक ४०,३००.
>
> तरी कृपया ४०,३०० रुपये मला जानेवारीच्या पगारात परत करावेत.

कुठे चुकलंय का सांगा, आणि भाषा फार कडक वाटत नाही ना?

कोथरूडचे_काका:
अहो पत्रबित्र कशाला, जुलैत आयटीआर भरा, रिफंड येतो खात्यात. मी दरवर्षी तेच करतो.

टॅक्सबाबा७७:
मार्जिनल रिलीफ हा सरचार्जवाल्यांना असतो, ५० लाखांच्या वर. तुमचं १२ लाखांच्या वर गेलं की रिबेट गेला, विषय संपला. पेरोल बरोबर आहे. हां, प्रोफेशनल टॅक्सचे २,५०० मात्र वजा करायला सांगा, ते विसरलेत.

हिशेबी_मावशी:
टॅक्सबाबा, सरचार्जचा रिलीफ असतो हे बरोबर, पण हा वेगळा, तो ८७ए च्याच परंतुकात आहे आणि फक्त नव्या रिजीमला. १२ लाखांच्या वर जितके रुपये जातात तितकाच कर, करपात्र उत्पन्न साधारण १२,७०,५८८ होईपर्यंत. त्याच्या पुढे स्लॅबचा करच कमी पडतो म्हणून रिलीफ आपोआप संपतो. आणि प्रोफेशनल टॅक्स नव्या रिजीममध्ये वजा होत नाही, तो सल्ला पत्रात घालू नका, मॅडम एक चूक दाखवून अख्खं पत्र बाजूला ठेवतील.

चाकणकर, तुमचा हिशेब बरोबर आहे, मागणी चुकलीय. ४०,३०० हा वर्षअखेरचा फरक आहे, त्यातला बराचसा अजून कापलाच नाहीये. डिसेंबरपर्यंत ९ महिने गुणिले ५,५२५ म्हणजे ४९,७२५ गेले. खरा कर २६,०००. म्हणजे आजच २३,७२५ जास्त गेलेत, आणि उरलेले तीन महिने कापले तर अजून १६,५७५ जातील. शेवटचा परिच्छेद असा करा: "कलम १९२(३) नुसार वर्षभरातली जास्तीची कपात पुढच्या कपातीत समायोजित करता येते. तरी जानेवारी ते मार्च टीडीएस शून्य करावा आणि सुधारित प्रोजेक्शन शीट द्यावी." ही मागणी त्यांना हातासरशी करता येते. सोबत त्या ० वाल्या ओळीचा स्क्रीनशॉट जोडा. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये "१२ लाखांपेक्षा जास्त तर रिबेट शून्य" एवढंच टाकलंय, म्हणजे तुमच्याच कंपनीत १२,७५,००० ते साधारण १३,४५,००० ग्रॉस असलेले सगळे यात अडकले असतील. काकांचा आयटीआरचा रस्ता शेवटी आहेच, पण मार्चपर्यंत थांबलात तर मधले १६ हजार उगाच सरकारकडे.

नाशिकची_सई:
माझं उलटं झालं होतं. मध्येच नोकरी बदलली, दोन्ही कंपन्यांनी स्टँडर्ड डिडक्शन दिलं, आणि आयटीआरच्या वेळी व्याजासकट भरावं लागलं. त्यामुळे जास्त कापलेलं बरं असं मला वाटायला लागलंय 😅 तुम्ही नोकरी बदलली नाहीये ना या वर्षी?

चाकणचा_पाहुणा:
नाही ताई, सहा वर्षं इथेच. मावशी, खूप धन्यवाद. पण मग ते २३,७२५ चं काय, ते कंपनी देणारच नाही का? आणि अजून एक, एफडीचं व्याज १४,००० येतं, ते पेरोलला सांगितलेलंच नाही.

हिशेबी_मावशी:
हे व्याजच मला विचारायचं होतं. तुम्ही त्या पट्ट्यात आहात जिथे वरचा प्रत्येक रुपया करात जातो, वर सेस. १४,००० धरलं की करपात्र १२,३९,०००, कर ३९,०००, सेससकट ४०,५६०. म्हणजे १४ हजारांच्या व्याजाने कर १४,५६० ने वाढला, हसावं की रडावं. पेरोलला सांगा किंवा नका सांगू, ४९,७२५ आधीच गेलेत, तेव्हा उरलेले तीन महिने शून्यच यायला हवेत. पण आयटीआरमध्ये व्याज दाखवायचंच, आणि मग रिफंड २३,७२५ नाही, ९,१६५ येईल. आत्तापासून खर्च ठरवू नका.

पुणेरी_पगारदार:
आमच्याकडे पेरोलने जास्तीचे पैसे मार्चच्या पगारात परत दिले होते एकाला, त्यामुळे मागायला काय हरकत आहे?

हिशेबी_मावशी:
मागा. पण तो पैसा सरकारकडे भरून झालाय, तिमाहीचं टीडीएस रिटर्न, म्हणजे २४क्यू, पण जातं, त्यामुळे बहुतेक कंपन्या अंग काढून घेतात. तिसऱ्या तिमाहीचं ३१ जानेवारीपर्यंत भरायचं असतं, त्याआधी पत्र गेलं तर निदान बोलायला जागा राहते. मी स्वतः कुणाला परत मिळालेले बघितले नाहीत.

कोथरूडचे_काका:
बघा, शेवटी आयटीआरच!

चाकणचा_पाहुणा:
अपडेट: मॅडमनी पत्र घेतलं, "आमचं सॉफ्टवेअर सरकारमान्य आहे" म्हणाल्या, मग हिशेबाच्या तीन ओळी पेनाने टिक करत वाचल्या आणि गप्प झाल्या. जानेवारीच्या स्लिपवर टीडीएस ० आलाय! पण पोर्टलवर ८७ए च्या पुढे अजून ० च आहे, म्हणजे बहुतेक हाताने थांबवलंय. परत द्यायचं विचारलं तर "वर विचारते" एवढंच. मावशी, आता फॉर्म १६ मध्ये कर ६६,३०० छापून आला तर आयटीआरला गोंधळ होईल का?

हिशेबी_मावशी:
कापलेली रक्कम ४९,७२५ फॉर्म २६एएसशी जुळली की झालं, कराचा हिशेब आयटीआर स्वतः करतो. पण भाग ब दुरुस्त करून मागाच, फेब्रुवारीतच आठवण करा. आणि शेजारच्या टेबलावरच्या मित्रालाही विचारा त्याची एफडी किती आहे, ५ हजारांच्या वर व्याज असेल तर त्याचाही शून्य जातोय.