मदत हवी आहे: आजोबांच्या मोडी डायऱ्या वाचून देणाऱ्या शेजारच्या काकांना आभाराचं पत्र कसं लिहू?

कृष्णाकाठची:
नमस्कार मंडळी. माझे आजोबा कराडजवळच्या एका गावात किराणा दुकान चालवायचे. त्यांना जाऊन अठरा वर्षं झाली. गेल्या उन्हाळ्यात गावचा माळा आवरताना ट्रंकेत त्यांच्या चार वह्या सापडल्या, सगळ्या मोडीत. घरात कुणालाच मोडी येत नाही. कागद हात लावला की तुटतो, म्हणून भावाने वह्या जागच्या न हलवता मोबाईलवर २८६ फोटो काढून मला पुण्याला पाठवले.

आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या काकांनी तरुणपणी भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचा वर्ग केला होता. त्यांनी सहज म्हणून दोन फोटो मागितले आणि पुढचे सात आठवडे रोज सकाळी ते माझ्या जुन्या टॅबवर अक्षरं मोठी करून वाचत बसले. वाचलेलं सगळं फुलस्केपवर उतरवून दिलं. पैशांचं नाव काढलं तर रागावले.

मला त्यांना पत्र लिहायचं आहे, हातानेच. पण चार वेळा फाडलं. जे लिहिते ते सोसायटीच्या नोटिशीसारखं होतं: “आपण केलेल्या भाषांतराबद्दल आम्ही सर्व कुटुंबीय आपले ऋणी आहोत.” मायना काय लिहू आणि पत्रात नेमकं काय यायला हवं?

आप्पा_वाईकर:
मायना सोपा आहे. वडीलधाऱ्यांना ‘तीर्थरूप’ लिहायचं, खाली ‘सा. न. वि. वि.’. आमच्या शाळेत असंच शिकवलं. सोबत शाल-श्रीफळ द्या.

दप्तरदार:
आप्पा, ‘सा. न. वि. वि.’ बरोबर आहे, पण ‘तीर्थरूप’ आपल्या आईवडिलांना, आजीआजोबांना. शेजारच्या काकांना ‘तीर्थस्वरूप’, म्हणजे ‘ती. स्व.’.

ताई, एक शब्द मात्र आधी बदला. काकांनी भाषांतर केलेलं नाही, लिप्यंतर केलंय. आजोबांची भाषा मराठीच होती, लिपी मोडी होती. मी वीस वर्षं मोडी कागद वाचतोय. कुणी ‘भाषांतर’ म्हटलं की कळतं, या माणसाला आपण काय केलं ते समजलेलं नाही. मोडीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. ऱ्हस्व-दीर्घ वेगळं दाखवत नाहीत. ओळभर अक्षरांची एक साखळी असते आणि ती कुठे तोडायची ते वाचणाऱ्याने ठरवायचं. काका कुठे अडले आणि तिथून कसे सुटले, ते आठवतंय का? पत्रात तेच लिहा.

सातबारा_त्रस्त:
आमच्याकडेही १९३० च्या सुमाराचं मोडी खरेदीखत आहे, वाटणीचा वाद चालू आहे. तुमचे काका वाचून देतील का? त्यांचा नंबर मिळेल का?

कृष्णाकाठची:
@सातबारा_त्रस्त, काकांचा नंबर इथे देणं बरोबर वाटत नाही, माफ करा.

@दप्तरदार, तुम्ही विचारलंत आणि एकदम आठवलं. दुसऱ्या वहीत एक ओळ होती, तिचं पहिलं वाचन काकांनी दिलं: “आज ती न आली.” आम्ही सगळे हलून गेलो. माझी एक मावशी त्याच सुमारास घर सोडून गेली होती. आई रडलीच. तीन दिवसांनी रात्री नऊला काका कागद घेऊन दारात उभे. पुढच्या पानावर त्यांना गुळाच्या पोत्यांचा हिशेब सापडला होता. एकूण सात मागवलेली, चार उद्या येणार. म्हणजे ती ओळ “आज तीन आली” अशी होती. तीन पोती! काका म्हणाले, “सकाळपर्यंत थांबवलं नाही. वहिनी त्या ओळीवर रडल्या होत्या.”

दप्तरदार:
हेच. पत्राची सुरुवात इथून करा. चुकलेलं वाचन स्वतःहून येऊन सांगणारा वाचक मिळणं सोपं नाही. बहुतेक जण एकदा लिहून दिलं की मागे बघत नाहीत.

आणखी एक. शंका असलेल्या शब्दांपुढे त्यांनी खूण केली आहे का? टाइप करताना त्या खुणा गाळू नका. शंकाच पुसून टाकली तर त्यांची निम्मी मेहनत गेली.

नर्मदा_१९६२:
अगं, पेन चांगलं घे आणि मनापासून लिही. मोडीतच चार ओळी लिहिल्यास तर? मी नातवाला मोडी शिकवतेय, अक्षरं पाठवू का?

कृष्णाकाठची:
नर्मदाताई, अक्षरं नक्की पाठवा, निदान सही मोडीत करेन.

खुणा आहेत. पेन्सिलीने छोटं प्रश्नचिन्ह, एकूण एकेचाळीस ठिकाणी. शिवाय त्यांनी साठेक फोटो परत पाठवले होते. काहींवर फ्लॅशची चकाकी होती, काहींत शिवणीकडची अक्षरं कापली गेली होती. भावाने ते सगळे ओसरीवर, दुपारच्या उजेडात पुन्हा काढले. तेव्हा तो वैतागला होता, आता स्वतःच सांगत सुटतो.

तिसऱ्या वहीला पुठ्ठा नव्हता, वर्षही कुठे लिहिलेलं नव्हतं. काकांनी पाहिलं की पहिल्या काही पानांवर हिशेब आण्यांत आहे आणि मग एका पानावर ‘नवे पैसे’ येतात. नवी नाणी १ एप्रिल १९५७ ला आली, म्हणजे वही त्या सुमाराची. मी त्या पानावरून तीनदा गेले होते, मला काही दिसलं नव्हतं.

आता खरी अडचण सांगते. चौथ्या वहीतलं एक पान काकांनी उतरवून दिलं नाही. त्या जागी कोरा कागद ठेवून लिहिलं होतं, “हे आईला शेजारी बसवून वाचून दाखवेन.” आणि दाखवलं. घरातल्या एका मृत्यूबद्दल होतं, जास्त लिहीत नाही. त्याबद्दलचे आभार पत्रात लिहू का? सगळ्यात मोठे आभार त्याचेच आहेत.

दप्तरदार:
लिहू नका. त्यांनी ते कागदावर आणलं नाही, ते का हे तुम्हाला कळलंय. पत्र त्यांच्या घरात राहणार, उद्या सुना-नातवंडं वाचणार. तोंडी सांगा.

मीरजेची_सून:
मला नाही पटत. आमच्या सासऱ्यांची पत्रं एका बाईंनी अशीच वाचून दिली. मी तोंडी सांगू म्हणत राहिले आणि त्या गेल्या. नाव-गाव न लिहिता एक ओळ लिहायला काय हरकत आहे?

आप्पा_वाईकर:
तीर्थस्वरूपची चूक मान्य. शालीचं मात्र मी अजून म्हणेन.

कृष्णाकाठची:
आप्पा, शाल दिली तर काका दार लावून घेतील! टाइप केलेल्या प्रतीच्या पहिल्या पानावर ‘लिप्यंतर’ म्हणून त्यांचं नाव घालणार आहे आणि ती बांधून द्यायची आहे. नाव घालायला चालेल का, हे त्यांना आधी विचारेन.

आज पहाटे हे उतरलं:

“ती. स्व. काकांना सा. न. वि. वि.
त्या रात्री नऊला तुम्ही दारात उभे होतात, हातात दुसऱ्या वहीचा कागद. ‘ती न आली’ नव्हे, ‘तीन आली’. आई त्या रात्री खूप दिवसांनी जेवताना बोलली. आजोबा गुळाची पोती मोजत होते, एवढं कळल्यावर तिला तिचे वडील परत दुकानात बसलेले दिसले.
तिसरी वही कधीची ते तुम्ही नव्या पैशांवरून ओळखलंत. तुमची एकेचाळीस प्रश्नचिन्हं मी टाइप करताना तशीच ठेवली आहेत. त्यांतली दोन आईने सोडवली, दोन्ही माणसांची नावं होती. ती तुम्हाला दाखवायला रविवारी येते.
चौथ्या वहीतल्या कोऱ्या कागदाबद्दल...”

इथे थांबले आहे. रविवारपर्यंत वेळ आहे.

मीरजेची_सून:
“...कोऱ्या कागदाबद्दल आई स्वतः बोलेल.” असं लिहून आईलाही सोबत ने.